राणीची झाली भटारीण

माझी सगळी नोकरी कोल्हापूरच्या एका छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेली. त्यामुळे प्रवासात माझी नजर डोंगर-झाडांवर जायच्या आधी पाट्यांवर जाते. कणकवलीला एस.टी. बदलताना मी चहा घेतला तो 'मासांहारी' अशी पाटी असलेल्या हॉटेलात, आणि त्या चुकीच्या जागच्या अनुस्वाराकडे बघत घेतला. मालक म्हणाला, हवा तर वडा पण आहे. मी म्हटलं, वडा नको, तेवढं टिंब उचलून मागे ठेवा. तो बापडा माझ्या बशीत टिंब शोधू लागला.

हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी एका दगडावरून जो तमाशा केला तो बघून कोणी म्हणायला नको की ही बाई एकदम कशी भडकली. मी एकदम नाही भडकले. माझी तयारी फार जुनी आहे.

निमित्त होतं मंदाचं. कॉलेजच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहायचो. तिचं सासर कर्ली खाडीच्या काठचं. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. नेरूर आणि कोचरे या दोन गावांच्या मधल्या टापूत कुठेतरी, एवढं पुरे. दिवाळीनंतर तिचा फोन आला, "शालू, तुझ्या त्या राणीचो दगड लागता आमच्या गावात. तू येवकच व्हया."

माझी ती राणी म्हणजे विजयभट्टारिका. सातव्या शतकातली, बदामीच्या चालुक्यांच्या घरातली. आमच्या छापखान्यात एकदा ताम्रपटांवरचं एक जाडजूड पुस्तक आलं होतं, तेव्हा तिची माझी गाठ पडली. हर्षवर्धनाला अडवणारा दुसरा पुलकेशी आपण सगळे शाळेत शिकलो. त्याचा शेवट झाला, पल्लवांनी बदामी घेतली आणि सगळी घडी विस्कटली. पुढे त्याचा मुलगा विक्रमादित्य याने राज्य परत मिळवलं. पाठ्यपुस्तकं पुलकेशीवरून उडी मारतात ती थेट विक्रमादित्यावर. मधल्या त्या धामधुमीच्या सुमारास इकडे कोकणात जमिनी दान देणारी, आज्ञा काढणारी एक बाई होती. विक्रमादित्याचा थोरला भाऊ चंद्रादित्य, त्याची ही महादेवी. तिच्या नावाचा एक ताम्रपट नेरूरला सापडला, एक कोचऱ्याला. पुलकेशीची ही सून आमच्या पोरींच्या पुस्तकात नाही. मी मंदाला इतक्या वेळा तिच्याबद्दल ऐकवलं होतं, की शेवटी तिने गावच्या कमिटीला भरीस घालून देवळापुढे माहितीचा दगड लावायचं कबूल करून घेतलं होतं. मी पिशवी भरली ती लग्नाला निघाल्यासारखी.

मालवण

मंदा म्हणाली होती, आधी मालवण बघ, मग ये. म्हणून पहिला मुक्काम तिथे केला.

सकाळी होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यात गेले. उतरताना माझी एक चप्पल समुद्रात पडली. नावाड्याने ती वल्ह्याने काढून दिली, पण दिवसभर पचपच वाजत राहिली. किल्ला मात्र असा आहे की चप्पल काय, आख्खी बाई वाहून गेली तरी तक्रार नको. तटावरून चालत गेलं की एका बाजूला उघडा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला माडांच्या आड मालवण.

गाईड तरुण होता, खणखणीत बोलायचा. महाराजांनी किल्ला कसा बांधला, पाया भरताना शिसं कसं ओतलं, सगळं त्याने छान सांगितलं. मग मी विचारलं, की पुढे अठराव्या शतकात हा किल्ला कोल्हापूरकडे होता, तेव्हा कारभार जिजाबाई राणी बघत होत्या, त्यांच्याबद्दल काही सांगतोस का? तो लगेच हात जोडून म्हणाला, "राजमाता जिजाऊ." मी म्हटलं, त्या नव्हेत रे. त्यांना देह ठेवून तेव्हा शंभर वर्षं होत आली होती. या दुसऱ्या. छत्रपतींच्या कोल्हापूरच्या शाखेतल्या. नवरा गेल्यावर दत्तक मुलाच्या नावाने यांनीच गादी सांभाळली. इथल्या आरमाराने इंग्रजांची जहाजं इतकी सतावली, की इंग्रजांनी आरमार आणून हा किल्ला घेतला, त्याला आपलं इंग्रजी नावसुद्धा ठेवलं; आणि थोड्याच काळात या बाईंशी तह करून परत दिला. ज्या तटावर आपण उभे आहोत, तो परत आला तो या बाईंच्या कारभारात.

गाईडने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, जिजाऊ एकच. दुसरी सांगितली तर लोक गोंधळतात."

मला त्या पोराचा राग नाही आला. त्याला ज्यांनी एवढंच शिकवलं त्यांचा आला. इतिहासात शिवाजी दोन चालतात, शाहू दोन चालतात, बाजीराव दोन चालतात, पोरं बरोबर पाठ करतात, कोणी गोंधळत नाही. जिजाबाई दुसरी निघाली की मात्र लोकांची डोकी गरगरतात. बाई एकच ठेवायची, ती आई म्हणून ठेवायची, आणि तिच्या पायावर डोकं ठेवून मोकळं व्हायचं. राज्य चालवणारी बाई नमस्कारात मावत नाही, म्हणून ती पुस्तकातही मावत नाही.

संध्याकाळी धक्क्यावर लिलाव बघितला. होड्या लागल्या, टोपल्या वाळूत आल्या, आणि बायकांनी गराडा घातला. बांगड्याचा भाव ठरवताना एक बाई नुसती भुवई वर करायची आणि समोरचा खाली यायचा. कोल्हापूरला गुळाच्या सौद्यात मी असे हात आणि डोळे बघितलेत, पण तिथे ते फेट्याखाली असतात. इथे अंबाड्यातल्या अबोलीखाली होते. माझ्या तपासणीतून कधीकाळी एक वाक्य गेलं होतं, 'कोळी मासे पकडतात व त्यांच्या बायका त्यांना विक्रीत मदत करतात.' व्याकरणाने निर्दोष. त्या 'मदत' शब्दाशी त्या धक्क्यावर माझं कडाक्याचं भांडण झालं. मासे पकडण्यात ती त्याला मदत करत नाही आणि विकण्यात तो तिला करत नाही, मग मदत शब्द तिच्याच वाट्याला का?

हे आजचंच आहे असंही नाही. इथून वर रायगडात कुड्याची लेणी आहेत, तिथल्या भिंतीवर बायकांची दानं त्यांच्या नावानिशी कोरलेली आहेत. व्यापारी घरांतल्या बायका आहेत, आणि आपल्या शिष्यिणींना बरोबर घेऊन दान देणारी एक भिक्षुणीही आहे. शिष्यिणी आहेत म्हणजे ती शिकवत होती, दान आहे म्हणजे हातात काहीतरी स्वतःचं होतं. दगडावर कोरलेलं आहे, कोणी लपवलेलं नाही. वाचायचं नाही असं ठरवलं की दगडही मुका.

रात्री खाणावळीत बांगड्याचं तिखलं जेवले. त्यातल्या तिरफळाने जीभ बधिर झाली, म्हणून दिवसभरात पहिल्यांदाच मी गप्प बसले.

खाडीकाठी

दुसऱ्या दिवशी मंदाच्या गावी पोचले. वाटेत वालावलच्या तळ्याकाठी थोडं थांबले होते. देऊळ, पाणी आणि पाण्यातलं देऊळ. तिथे पाटी नव्हती, त्यामुळे मन प्रसन्न राहिलं.

मंदाच्या घरी तिच्या धाकट्या दिराचं कुटुंबही आहे. दीर म्हणजे भाई, आणि त्यांची बायको सुजाता. ही सुजाता गावची सरपंच. जागा बायकांसाठी राखीव निघाली तेव्हा तिला उभं केलं, ती निवडून आली. आता गंमत बघा. अंगणात एक माणूस आला आणि म्हणाला, "सरपंच आसत काय?" सुजाता तिथेच तांदूळ पाखडत बसली होती. ती म्हणाली, "परड्यात आसत," आणि घरामागच्या परड्यातून भाई आले. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण दिवसभरात जो आला त्याने भाईंनाच सरपंच म्हटलं. सुजाताला गाव 'सरपंचीण' म्हणत होतं, जशी डॉक्टरची डॉक्टरीण.

भाई माणूस मात्र दिलदार. माझ्यासाठी पहाटे जाऊन तिसऱ्या म्हणजे शिंपल्या आणि बांगडे आणले, विहिरीजवळ बसून स्वतः साफ केले, आणि बांगड्यांना मसाला चोळायला सुजाताला हातसुद्धा लावू दिला नाही. उकडा भात, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी. मी आयुष्यात इतके नीट साफ केलेले मासे खाल्ले नाहीत, आणि तसं मी त्यांना सांगितलंही. ते लाजले.

जेवायच्या आधी ते मला सातेरीच्या देवळात घेऊन गेले होते. तिथे वारूळ हीच देवी. भाईंनी नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे देवापुढे मनातल्या मनात मागतात; इथे एक जण मोठ्याने मागतो आणि बाकीचे साक्ष देतात. "बा देवी म्हाराजा, ह्या ताई कोल्हापुरातसून आपल्या घराक इल्यात, त्येंका सुखरूप ठेव रे म्हाराजा," आणि आम्ही सगळ्यांनी म्हणायचं, "होय म्हाराजा." मी मंदाला हळूच विचारलं, की देवी आहे तर म्हाराजा कसं? ती म्हणाली, म्हाराजा म्हणजे म्हाराजा, जो ऐकता तो. मग विचारलं, एखाद्याला गाऱ्हाणं पटलं नाही तर? तिने माझ्याकडे बघितलं, जसं काही मी देवळात चपला घालून आले होते. गाऱ्हाण्यात नकार नसतो. मागणारा काय वाटेल ते मागू दे, गाव 'होय' म्हणतं.

मग भाईंनी मला हौसेने दगड दाखवला. घरासमोरच्याच पंचायतीच्या पडवीत गोणपाटात गुंडाळून ठेवला होता. परवा बसवायचा होता. काळाभोर, गुळगुळीत, अक्षरं सोनेरी. मी सवयीने ओळीखाली बोट ठेवून वाचायला लागले.

'चालुक्य राजा चंद्रादित्य याने आपली भटारीण विजया हिच्या सेवेस खूश होऊन तिला या परिसरातील जमीन इनाम दिली.'

मी परत वाचलं. मग चष्मा पुसून परत. त्याखाली होतं, 'अनावरण : सरपंचपती श्री.', आणि पुढे भाईंचं वडिलांसकट पूर्ण नाव. सुजाताचं नाव कुठेच नव्हतं.

मी विचारलं, भटारीण कुठून आली? भाई म्हणाले, वहिनीनेच लिहून दिलेलं. मंदाने कागदावर बरोबर 'विजयभट्टारिका' लिहून दिलं होतं. भाईंनी ते दगड कोरणाऱ्याला फोनवर सांगितलं. त्याच्याकडे यंत्राचा आवाज. तो म्हणाला, भटारिका म्हणजे काय हो? भाईंनी डोकं चालवलं. भटारखाना म्हणजे स्वयंपाकघर हे कोणालाही माहीत, तेव्हा भटारिका म्हणजे भटारखान्यातली. दोघांनी मिळून शब्द शुद्ध केला. आता स्वयंपाकीण राजाला जमीन देईल का? नाही. तेव्हा जमीन राजाने दिली. कशाबद्दल? चांगलं जेवण केल्याबद्दल. सगळं कसं सरळ जुळलं.

मी चाळीसेक वर्षं चुका बघितल्यात, पण अशी चूक बघितली नव्हती. एक शब्द घसरला आणि वाक्याचा कर्ता पडला, त्याच्या जागी नवरा येऊन बसला, आणि देणारी बाई घेणारी झाली. भट्टारक ही राजाधिराजांनी लावायची पदवी आहे हो. भट्टारिका तिचंच स्त्रीरूप, म्हणजे स्वामिनी. तिचा भटारखान्याशी काडीचा संबंध नाही. जिच्या आज्ञेने जमीन दिली जायची तिच्या हातात यांनी पळी दिली.

मी हे सगळं भाईंना सांगितलं आणि माझा आवाज चांगलाच चढला. पडवीत चार माणसं जमली. भाई चिडले नाहीत. उलट मुलाला समजवावं तसं म्हणाले, की ताई, मुलांचं पुस्तक मी बघितलं, त्यात पुलकेशी आहे, ही बाई नाही. असती तर पुस्तकात नसती का आली? आणि ग्रामसभेत मजकूर मंजूर झालाय, सरपंचांची सही झाली आहे.

"कोणत्या सरपंचांची?" मी विचारलं.

"सुजाताची," ते म्हणाले, आणि त्यांच्या लक्षातच आलं नाही की ते काय बोलले.

खाजण

रात्रभर मी मंदाच्या घरी फणफणत होते. मंदा म्हणाली, दगड काय, आणखी एक करून घेऊ. मी म्हटलं, कोण करून घेणार? जिची सही आहे तिने म्हटलं पाहिजे. पण सुजाता जेवताना एक शब्द बोलली नव्हती. मला तिचाही राग आला होता, हे लपवत नाही.

सकाळी तीच माझ्यापुढे येऊन उभी राहिली. म्हणाली, "ताई, चला, माझां काम दाखवतंय."

खाडीच्या कडेला सखल भातजमीन आहे, तिला खाजण म्हणतात. भरतीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध. बांधात एक लाकडी झडप. ओहोटीला शेतातलं पाणी आपसूक बाहेर जातं, भरती आली की पाण्याच्याच रेट्याने झडप मिटते. बांध फुटला की शेत खारं होतं आणि पुढची काही पिकं गेलीच समजा. आमच्याकडे पंचगंगेचा पूर येतो, गाळ देऊन जातो. इथे पाणी दिवसातून दोनदा दाराशी येतं आणि घ्यायला टपलेलं असतं. हा बांध दोन ठिकाणी फुटला होता. सुजाताने तालुक्याला खेटे घालून तो बांधून घेतला. खाजणात राबणाऱ्या बायकांना गोळा करून झडप कुठे बसवायची ते तिनेच ठरवलं. हे सांगताना ती झरझर बोलत होती, आणि अंगणातली सुजाता ती हीच का, असं मला वाटायला लागलं.

ऐकता ऐकता मी बांधाच्या कडेला गेले आणि गुडघ्यापर्यंत चिखलात रुतले. तिने काखेत हात घालून मला वर ओढलं. पचपच वाजणारी चप्पल खाजणाला मिळाली. बरं झालं.

बांधावर पाय धूत बसलो तेव्हा मी तिला सांगितलं, की कोचऱ्याच्या ताम्रपटात दिलेल्या जमिनीबरोबर 'खज्जन' असा शब्द वाचला गेलाय. ती धुवायची थांबली.

"ह्यां खाजण?"

"हेच. जाणकार असंच मानतात."

"म्हणजे त्या बायेक खाजण म्हायत होतां."

मी म्हटलं, माहीत असणारच. हे ताम्रपट म्हणजे नुसती स्तुती नसते. आधी घराण्याची ओळख येते. चालुक्य स्वतःला हारीतीचे पुत्र म्हणवतात, सप्तमातृकांनी वाढवलेले म्हणतात, म्हणजे सुरुवात आयांपासून. मग राजांची नावं, मग जी व्यक्ती दान देते तिचं नाव, मग कोणती जमीन, कोणाला, कुठल्या तिथीला, आणि शेवटी ही जमीन जो हिरावेल त्याला शाप. हे शब्द ज्याच्या आज्ञेने कोरले जातात त्याची त्या भागावर सत्ता असावी लागते. दुसऱ्याची जमीन कोणी दान देत नाही. तिच्याबद्दल आणखीही बोलतात. संस्कृतात एक नावाजलेली कवयित्री होऊन गेली, ती हीच असं काही अभ्यासक म्हणतात. काहींना ते पटत नाही.

मग मी तिला माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट सांगितली. नेरूरच्या ताम्रपटावर काळ दिलाय तो 'स्वराज्या'च्या पाचव्या वर्षाचा. स्वराज्य म्हणजे इथे स्वतःची राजवट. आता हे 'स्व' कोणाचं? लेख तिचा, आज्ञा तिची, तरी काही विद्वानांनी म्हटलं की हे वर्ष तिच्या नवऱ्याच्या राजवटीचं असणार. दुसऱ्यांनी म्हटलं, तिचंच. वाद अजून मिटलेला नाही, आणि मी प्रुफं तपासणारी बाई, मी तो मिटवू शकत नाही. पण एवढं कळतं, की लेख राजाचा असता तर 'स्व' कोणाचं हा प्रश्नच कोणाला पडला नसता.

सुजाता हसली. बऱ्याच वेळाने हसली आणि कडू हसली. "माझ्या सहीखालची सत्ता कोणाची, ह्यो वाद आमच्या घरात पण आसा. पण थंय विद्वान कोण येणत नाय."

तिने पुढे जे सांगितलं ते मी थोडक्यात सांगते. हा बांध झाला तेव्हा नारळ भाईंनी फोडला. पेपरात फोटो भाईंचा. तिने काही म्हटलं नाही, कारण भाई वाईट नाहीत, मारत नाहीत, पीत नाहीत, आणि गाव म्हणतं तुझं नशीब चांगलं. दगडाचा कागद स्वयंपाकघरात सही करायला आला, हात पिठाचे होते, तिने न वाचता सही केली. काल माझा आवाज पडवीतून ऐकला तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की त्या दगडावर आपलं नाव नाही.

"नाव नाय तां नाय," ती म्हणाली. "पण असलां काय दगडार रवलां, की माझ्या चेडवाच्या चेडवाक सांगतले, ही बाय सरपंचाक जेवण करून घाली."

तिच्या मुलीच्या मुलीपर्यंत तिचा विचार गेला होता. भरती लागली होती, आणि आमच्या समोर ती झडप हळूहळू मिटली.

गाऱ्हाणं

सुजाताने त्या संध्याकाळी भाईंना सांगितलं की दगड बदलायचा. भाई म्हणाले, पाहुणे सांगून झाले, मंडप आला, पुढच्या वर्षी बघू. ती परत म्हणाली. ते म्हणाले, मी बघतो. 'मी बघतो' म्हणजे काय ते प्रत्येक घरातल्या बाईला कळतं.

कार्यक्रमाच्या सकाळी दगड देवळापुढे जांभ्याच्या चौथऱ्यावर बसवला होता, त्यावर लाल कापड. माणसं पुढे खुर्च्यांवर, बायका मागे सतरंजीवर. सुजाता पुढच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर, हातात तबक. मी मागे मंदाजवळ, पायात मंदाच्या चपला. मनात मी पुरती हरले होते. ठरवलं होतं, कापड निघालं की उठायचं आणि सरळ स्टँड गाठायचा.

गावचे म्हातारे मानकरी गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. आवाज मोठा गोड होता.

"बा देवी म्हाराजा, आज तुझ्या पायाशी ह्यां जां कार्य मांडलां हा, तां निर्विघ्न पार पाड रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळं गाव म्हणालं.

"ज्या राजान ह्या भूमीत दान केल्यान, तेचां नाव उजळ कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"आणि आमच्या सरपंचान, भाईन, जो ह्यो दगड उभो केल्यान..."

"नाय म्हाराजा."

सुजाता उभी होती. तबक तिने खाली ठेवलं होतं. मानकऱ्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. अशी शांतता झाली की देवळामागच्या माडावर नारळ काढणारा माणूसही वरून वाकून बघायला लागला. भाई अर्धवट उठले आणि तसेच राहिले. गाऱ्हाणं मध्ये सोडता येत नाही. कोणीतरी ते पुरं करावंच लागतं, आणि मानकऱ्यांना पुढचा शब्द सुचेना. सुजाताने हात जोडले आणि वारुळाकडे तोंड केलं.

"बा देवी म्हाराजा, ह्या दगडार जां लिवलां हा तां खोटां आसा रे म्हाराजा. ती भटारीण नाय, ती राणी. जमीन तिका गावली नाय, तिनां दिली रे म्हाराजा."

माझ्या शेजारून मंदाचा आवाज आला, "होय म्हाराजा." मग सतरंजीवरून आणखी काही. मी ओरडलेच, हे कबूल करते.

"तिचां नाव विजयभट्टारिका. तां नाव बरोबर लिवन मगेच ह्यां कापड निघूंदे रे म्हाराजा."

"होय म्हाराजा." या वेळी खुर्च्यांवरूनही आलं. सवयच ती. गाऱ्हाण्यात गाव 'होय' म्हणतं.

सुजाता थांबली नाही. "आणि ह्या गावची सरपंच माझो घोव नाय रे म्हाराजा. सरपंच मी आसंय."

या वेळी लगेच कोणी काही म्हणालं नाही. बायकासुद्धा गप्प. मी मंदाचा हात धरला. आणि मग पुढून, त्या म्हाताऱ्या मानकऱ्यांनी, ज्यांनी जन्मभर गाऱ्हाणी घातली आणि एकही अर्धवट सोडली नाही, त्यांनी डोळे मिटून खणखणीत म्हटलं, "होय म्हाराजा." त्यांच्यामागून सगळं गाव म्हणालं. भाईंचे ओठही हललेले मी बघितले. आवाज आला की नाही सांगता येत नाही.

कापड काढलं नाही. पाहुण्यांना चहा आणि खाजं देऊन वाटेला लावलं. नंतर घरी काय झालं असेल ते मी विचारलं नाही. मी निघाले तेव्हा सुजाता ओट्यावर कोणाशी तरी फोनवर बोलत होती आणि एकेक अक्षर सुटं करून सांगत होती. आधी भ, मग टला ट जोडायचा.

परवा मंदाचा फोन आला. नवा दगड बसला. त्यावर कर्ता जागेवर आहे, आणि खाली सुजाताचं नाव आहे, पद फक्त सरपंच. मी जुन्या दगडाचं विचारलं. एवढा गुळगुळीत दगड टाकवेना, म्हणून तो उलटा करून विहिरीजवळ ठेवलाय. भाई रोज त्याच्यावर बांगडे साफ करतात.